आधी मुद्दे, मग गुण, शेवटी प्रश्न

प्रश्न: मी तासिका तत्त्वावर भूगोल शिकवते. आमच्या विभागप्रमुखांचं प्रतिरोध पर्जन्यावरचं ४५ मिनिटांचं व्याख्यान रेकॉर्ड केलंय आणि त्याचं यंत्राने लिहून काढलेलं रूप माझ्याकडे आहे. त्यावरून प्रथम वर्षासाठी २० गुणांची लघुत्तरी चाचणी काढायची आहे, नमुना उत्तरं आणि गुणविभागणीसकट. मी एकेका परिच्छेदावर एकेक प्रश्न काढला. पण मी आणि सहकारी मॅडम तीच उत्तरपत्रिका तपासतो तेव्हा पाचपैकी दोन-दोन गुणांचा फरक पडतो. काय चुकतंय?

उत्तर:

परिच्छेद धरून प्रश्न काढणं, इथेच चूक आहे. बोलणारा माणूस परिच्छेदात बोलत नाही. तो एक गोष्ट सुरू करतो, मध्येच चिपळूणच्या पुराची आठवण सांगतो, मग पंधरा मिनिटांनी पहिल्या गोष्टीचं राहिलेलं कारण सांगतो. त्याने जिथे श्वास घेतला तिथे लिहून काढणाऱ्या यंत्राने परिच्छेद पाडलेला असतो. त्यावर प्रश्न बेतला की कारणाचं अर्धं शेपूट एका प्रश्नात आणि अर्धं दुसऱ्यात जातं. मग परीक्षक आपापल्या अंदाजाने ते जोडतात, आणि तिथे तुमचे दोन गुण हलतात.

मी गेली अनेक वर्षं क्रम उलटा ठेवते. आधी व्याख्यानातले मुद्दे सुटे करायचे, मग कुठल्या मुद्द्याला गुण द्यायचा ते ठरवायचं, आणि प्रश्नाची वाक्यरचना सगळ्यात शेवटी. तुमच्याच विषयावर करून दाखवते.

पहिलं काम मात्र कंटाळवाणं आहे आणि ते टाळता येत नाही. लिखित रूप हातात घेऊन मूळ आवाज पुन्हा ऐका. सगळा नाही ऐकला तरी चालेल, पण जिथे जिथे आकडा आहे आणि जिथे जिथे ‘नाही’ आहे, तिथे थांबून ऐकाच. ‘दवबिंदू’चं ‘देव बिंदू’ झालं तर ते कुणालाही दिसतं आणि त्याने फारसं बिघडत नाही. ‘वाताभिमुख’ आणि ‘वातविन्मुख’ यांची अदलाबदल झाली तर ती सहज नजरेतून सुटते. आणि मराठीत सर्वांत घातक जोडी आहे ‘सहा’ आणि ‘दहा’. दोन्ही वाचायला बरोबर वाटतात.

या जोडीने मला एकदा चांगलंच अडवलं होतं. प्रतिरोध पर्जन्यावरच गणित घातलं होतं. ढग तयार झाल्यावर हवा दर हजार मीटरला सहा अंशांनी थंड होते, त्या जागी लिखित रूपात दहा आलं होतं आणि मी ते तसंच छापलं. पुढचा उपप्रश्न होता, ‘डोंगर ओलांडून आलेली हवा त्याच उंचीवरच्या पश्चिमेकडील हवेपेक्षा जास्त उष्ण का असते?’ छापलेल्या आकड्याने गणित केलं तर दोन्हीकडचं तापमान सारखंच येत होतं. ज्या मुलींनी मन लावून आकडेमोड केली होती, त्यांनी उत्तर बरोबर आलं असूनही ते खोडून नवं लिहिलं होतं. ज्यांनी गणित सोडून फक्त पाठ केलेलं लिहिलं, त्यांना गुण मिळत होते. अर्धा गठ्ठा तपासल्यावर माझ्या लक्षात आलं, मग तो सगळा उपप्रश्न रद्द करून बाकीचे गुण नव्याने मांडावे लागले. त्या खोडलेल्या उत्तरांचं मला अजून वाईट वाटतं. त्या दिवसापासून प्रत्येक आकडा आवाजावरून तपासते.

आता मुद्दे सुटे करणं. तुमच्या सरांच्या व्याख्यानात साधारण असा एक तुकडा असेलच:

‘[१२:४०] तर हवा अशी वर जाते, इथून अशी, आणि थंड होते. का थंड होते? वर थंडी असते म्हणून नाही बरं का. वर दाब कमी, हवा पसरते, पसरायला ऊर्जा लागते, ती कुठून आणणार, स्वतःच्याच उष्णतेतून काढते. म्हणून तापमान उतरतं. हजार मीटरला दहा धरा. ढग झाला की मग पाच... पाच-सहा. सहाच धरा.’

यातून मी एका ओळीत एकच गोष्ट, अशी पूर्ण वाक्यं लिहून काढते आणि पुढे वेळ टाकते. उंचीबरोबर हवेचा दाब कमी होतो. कमी दाबामुळे वर जाणारी हवा प्रसरण पावते. प्रसरणासाठी लागणारी ऊर्जा हवा स्वतःच्या उष्णतेतून वापरते, म्हणून तापमान घटतं. ढग होण्यापूर्वी ही घट दर १००० मीटरला सुमारे १० अंश सेल्सिअस असते. ढग झाल्यावर ती कमी, सुमारे ६ अंश होते. एवढीच पाच वाक्यं. ‘इथून अशी’ हे फळ्यावरच्या आकृतीबद्दल आहे. आकृती समोर नसेल तर त्यावर प्रश्न निघत नाही, तेव्हा ते सोडून द्यायचं किंवा सरांकडून आकृती मागून घ्यायची.

दोन गोष्टी नीट बघा. ‘वर थंडी असते म्हणून नाही’ हे वाक्य यादीत येत नाही, पण मी ते समासात लाल पेनाने लिहून ठेवते. शिक्षक जेव्हा ‘हे नाही बरं का’ म्हणतो, तेव्हा मुलं नेमकं तेच लिहितात हे त्याला अनुभवाने माहीत असतं. गुणविभागणीत ‘काय ग्राह्य नाही’ हा रकाना अशाच वाक्यांनी भरतो. दुसरं, ‘पाच-सहा, सहाच धरा’. इथे आकडा ठाम नाही, आणि तो तसा नसतोच, कारण हा दर हवेचं तापमान आणि तिच्यातलं बाष्प यांप्रमाणे बदलतो. वेगवेगळ्या पुस्तकांतही वेगळा दिसेल. म्हणून हा आकडा मुलांना आठवायला लावायचा नाही, प्रश्नातच द्यायचा.

पाऊण तासाच्या व्याख्यानातून माझ्याकडे अशी चाळीसेक वाक्यं निघतात. पुनरुक्ती काढली, आठवणी आणि गमती काढल्या की वीस-बावीस उरतात. ती यादी प्रश्न काढण्याआधी व्याख्यान देणाऱ्याला एकदा दाखवावी. बोलण्याच्या ओघात ‘डोंगर ढग अडवतो’ असं कोणीही म्हणून जातं, लिहिलेलं समोर आलं की सर स्वतःच दुरुस्त करतील. तुम्ही नवीन आहात म्हणून संकोच वाटेल, पण प्रश्नपत्रिका छापून झाल्यावर तीच चूक दाखवणं जास्त अवघड जातं.

मग ही वाक्यं एकमेकांना जोडून बघायची. कुठल्या वाक्यामुळे कुठलं घडतं? लघुत्तरी प्रश्न या साखळीतून निघतो आणि साखळीची एकेक कडी म्हणजे एकेक गुण. वरच्या तुकड्यातली पहिली तीन वाक्यं ही तीन कड्यांची साखळी आहे, म्हणून तो तीन गुणांचा प्रश्न. मी आधी उत्तरच लिहिते:

उंची वाढते तसा हवेचा दाब कमी होतो (१). त्यामुळे वर जाणारी हवा प्रसरण पावते (१). प्रसरणासाठी लागणारी ऊर्जा तिच्यातल्याच उष्णतेतून खर्च होते, म्हणून तापमान घटते (१).

आणि आता प्रश्न: ‘डोंगर चढणारी हवा थंड का होते, ते दाब, प्रसरण आणि उष्णता यांच्या आधारे स्पष्ट करा. (३ गुण)’ त्या तीन शब्दांनी उत्तर फुटत नाही, कारण शब्द दिले तरी त्यांचा संबंध लावावा लागतोच. पण मुलीला कळतं की तिच्याकडून तीन गोष्टी हव्यात, आणि परीक्षकालाही. ‘प्रतिरोध पर्जन्य म्हणजे काय ते स्पष्ट करा (५ गुण)’ यात ते कुणालाच कळत नाही. एक परीक्षक सुबक आकृतीला दोन गुण देतो, दुसरा महाबळेश्वरच्या उदाहरणाला, तिसरा फक्त व्याख्या शोधतो. तुमचा आणि मॅडमचा फरक बहुधा इथलाच असणार.

‘ग्राह्य नाही’मध्ये काय येईल? ‘वर हवा थंड असते म्हणून’ याला शून्य. ‘हवा विरळ होते’ याला दुसऱ्या मुद्द्याचा गुण द्यावा, कारण अर्थ तोच आहे. सरांनी ‘पसरते’ म्हटलं, पुस्तकात ‘प्रसरण’ आहे, मुलगी ‘फुगते’ लिहील. तिन्ही शब्दांना गुण. नमुना उत्तर म्हणजे व्याख्यात्याचे शब्द नव्हेत, हे तपासणाऱ्या प्रत्येकाला लेखी सांगावं लागतं. नाहीतर लिखित रूपावरून काढलेल्या चाचणीत तासाला टिपणं घेणाऱ्यांना गुण जातात आणि पुस्तकातून समजून घेणाऱ्यांचे कापले जातात.

आता गणिताचा प्रश्न, कारण गुणविभागणीचा खरा कस तिथे लागतो.

‘कोकण किनाऱ्यावर हवेचे तापमान ३० अंश सेल्सिअस आहे. ती हवा सह्याद्री चढू लागते. ८०० मीटरवर सांद्रीभवन सुरू होते. ती १३०० मीटरचा माथा ओलांडून पूर्वेला ७०० मीटरपर्यंत उतरते. सांद्रीभवनापूर्वी आणि उतरताना तापमान बदलाचा दर १००० मीटरला १० अंश, सांद्रीभवनानंतर चढताना ६ अंश माना. (अ) ८०० मीटरवर, (आ) माथ्यावर आणि (इ) पूर्वेला ७०० मीटरवर तापमान काढा. (ई) पश्चिम उतारावर ७०० मीटरवर किती तापमान होते? (उ) ई आणि इ यांत फरक का पडला?’

उत्तर असं: ८०० मीटरपर्यंत ८ अंश उतरले, २२. पुढच्या ५०० मीटरला ३ अंश, म्हणून माथ्यावर १९. तिथून ६०० मीटर उतरताना ६ अंश वाढले, २५. पश्चिमेला ७०० मीटरवर ३० वजा ७, म्हणजे २३. फरक २ अंशांचा. हवा चढताना शेवटच्या ५०० मीटरमध्ये सावकाश थंड झाली, कारण सांद्रीभवनात अप्रकट उष्मा बाहेर पडला, पण उतरताना पूर्ण दराने तापली. पाच उपप्रश्न, प्रत्येकी एक गुण.

मुलगी (आ) मध्ये चुकून १० चाच दर वापरते. माथ्यावर १७ येतात, त्यावरून (इ) मध्ये २३. आता काय करायचं? माझा नियम, एका चुकीसाठी गुण एकदाच कापायचा. (आ) चा गुण गेला. (इ) मध्ये तिने तिच्या १७ मध्ये ६ बरोबर मिळवले, तो गुण द्यायचा. (ई) तर स्वतंत्रच आहे. पण (उ) मध्ये तिच्या दृष्टीने फरकच पडत नाही, दोन्हीकडे २३. तिने ‘फरक नाही’ लिहिलं तर तिच्या आकड्यांशी ते प्रामाणिक आहे, तरी गुण देता येत नाही, कारण हा गुण अप्रकट उष्म्याच्या कारणाला आहे. मात्र ‘फरक यायला हवा होता, कारण सांद्रीभवनात उष्मा बाहेर पडतो’ असं कुणी लिहिलं तर पूर्ण गुण. अशा उत्तराला काय करायचं हे गठ्ठा हातात आल्यावर नव्हे, प्रश्न काढतानाच लिहून ठेवायचं. मी प्रत्येक गणिताला एक चुकीचा मार्ग स्वतः शेवटपर्यंत चालून बघते. तिथे गुणांची वाट अडली की प्रश्नाची मांडणीच बदलावी लागते.

एक मर्यादाही सरांना विचारून प्रश्नात घालावी. या गणितात हवा उतरू लागताच तिच्यात ढग उरलेला नाही असं आपण मानलंय. प्रत्यक्षात थोडा ढग माथ्याच्या पलीकडे ओघळतो, त्याचे थेंब विरताना उष्णता ओढून घेतात आणि फरक थोडा कमी होतो. हुशार विद्यार्थी हे विचारतो. ‘माथ्यावर सर्व ढगांचा पाऊस झाला असे माना’ एवढी एक ओळ पुरे.

पर्जन्यछायेवरचा प्रश्न सगळेच घालतात आणि त्यातच सर्वाधिक सैल गुण दिले जातात. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, तिथून रस्त्याने तीसेक किलोमीटरवरच्या वाईला त्याच्या चौथ्या हिश्शाहूनही कमी, आणि आणखी पूर्वेला माणदेशात पाचशेच्या आसपास. कारण विचारलं की नव्वद टक्के मुलं लिहितात, ‘पाऊस आधीच पश्चिमेला पडून जातो.’ हे खरं आहे, पण निम्मंच. उरलेलं निम्मं असं की उतरणारी हवा तापते, तिची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता वाढते, म्हणून सापेक्ष आर्द्रता घटते आणि ढग बनत नाही. म्हणून ‘दोन कारणे लिहा (४ गुण)’ असं लिहून प्रत्येक कारणाला एक गुण विधानाचा, एक गुण त्यामागच्या ‘कसं’चा. पहिल्यात विधान, ‘बाष्प कमी उरते’. कसं, ‘चढताना सांद्रीभवन होऊन पाऊस पडला’. दुसऱ्यात विधान, ‘उतरणारी हवा तापते’. कसं, ‘म्हणून सापेक्ष आर्द्रता घटते’.

दोन कारणं मागितली आणि कुणी चार लिहिली, त्यात दोन चुकीची, तर? पहिली दोनच तपासायची, असं मी मानते, आणि तशी सूचना प्रश्नपत्रिकेच्या माथ्यावर छापते. सांगून ठेवलं नाही तर हा नियम लावणं अन्यायाचं होईल. अर्धे गुण मी लघुत्तरीत देत नाही. अर्धा गुण द्यावासा वाटला की समजायचं, त्या एका मुद्द्यात दोन मुद्दे दडलेत किंवा मुद्दा धड लिहिलेला नाही.

उरलेले आठ गुण पटकन सांगते. दोन गुणांचा ‘ढग झाल्यावर हवा सावकाश थंड का होते?’, यात एक गुण अप्रकट उष्मा बाहेर पडण्याला, एक त्याने थंड होण्याची काही भरपाई होण्याला. गणितातला (उ) याच्या जवळ जातो, म्हणून दोन्ही प्रश्न एकाच चाचणीत ठेवायचे असतील तर हा प्रश्न गणितानंतर नको, आधी हवा. तीन गुणांचा पर्जन्याचे तीन आकडे देऊन महाबळेश्वर, वाई आणि माणदेश ओळखायचा, एक गुण बरोबर क्रमाला आणि दोन गुण कारणाला. आणि तीन गुणांचा माझा आवडता, ‘एका विद्यार्थ्याने लिहिले, ढग डोंगराला आपटतात आणि फुटतात म्हणून पाऊस पडतो. यातील चूक सांगून योग्य कारण लिहा.’ चूक ओळखायला एक, योग्य कारणाच्या कड्यांना दोन. हा प्रश्न व्याख्यानातल्या कुठल्याच एका वाक्यातून उतरवता येत नाही. समासातल्या लाल ओळी अशा प्रश्नांसाठीच जपून ठेवायच्या.

आणखी एक कसोटी, जी लिखित रूपावरून काम करताना विसरली जाते. ‘सरांनी दिलेल्या उदाहरणाच्या आधारे’ असा शब्दप्रयोग कुठेही ठेवू नका. त्या दिवशी गैरहजर राहिलेल्या मुलीला पुस्तक वाचून उत्तर देता आलं पाहिजे. व्याख्यान न ऐकलेल्या, पण विषय जाणणाऱ्या कुणाला तरी प्रश्नपत्रिका सोडवायला द्या. ज्या प्रश्नाला ती व्यक्ती ‘यांना नक्की काय हवंय?’ असं विचारेल, त्याची भाषा बदला. विषय सोडून ‘सर काय म्हणाले’ हे जिथे विचारलं गेलंय, ते तिथे लगेच उघडं पडतं.

छापायच्या आधी शेवटची पायरी. तुमच्या आणि मॅडमच्या हातात दहा उत्तरं द्या, मागच्या वर्षीची चालतील किंवा दोन-तीन विद्यार्थ्यांकडून लिहून घ्या. एकमेकींना न दाखवता तपासा आणि एकूण बेरीज नव्हे, मुद्दानिहाय गुण समोरासमोर ठेवा. बेरजेत दोघींचे तीन-तीन आले तरी आत एकीने पहिला मुद्दा दिलेला आणि दुसरीने तिसरा, असं होतं. जिथे दहापैकी दोनपेक्षा जास्त उत्तरांत मत फाटलं, तिथे कोण बरोबर हे ठरवत बसू नका, तो मुद्दा पुन्हा लिहा. आमच्याकडे पर्जन्यछायेच्या प्रश्नात असंच झालं होतं. ‘हवा कोरडी होते’ या वाक्याला माझी सहकारी पहिल्या कारणाचा गुण देत होती आणि मी दुसऱ्या. दोन्ही अर्थ निघतात. मग गुणविभागणीत एक ओळ वाढवली: ‘नुसते “हवा कोरडी होते” याला पहिल्या कारणाच्या विधानाचा एक गुण. तापमानवाढीचा किंवा सापेक्ष आर्द्रतेचा उल्लेख असल्याशिवाय दुसऱ्या कारणाचा गुण नाही.’ त्यानंतर तीच दहा उत्तरं पुन्हा तपासली, तेव्हा नऊ जुळली. दहाव्या उत्तरात मुलीने ‘वारा खाली येताना सुकतो’ असं लिहिलं होतं, आणि तेवढ्यासाठी आम्ही अजून एक ओळ घातली.